चेक परत आला, नोटीस गेली, पुढे काय?

चेक न वटल्यास कलम १३८ खाली फिर्याद करण्याआधी लेखी नोटीस द्यावीच लागते. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ती पाठवायची. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस मिळतात.

उदाहरण : दोन लाखांचा चेक परत आल्याचा मेमो ३ जूनला हाती आला, तर नोटीस ३ जुलैपर्यंत निघायला हवी. ती १० जुलैला पोचली, तर २५ जुलैपर्यंत वाट पाहायची. पैसे आले नाहीत, तर त्यानंतर महिनाभरात फिर्याद. १५ दिवसांची मुदत संपण्याआधीच केलेली फिर्याद टिकत नाही.

चूक कुठे होते? व्याज, वकील-फी सगळे एकत्र करून एकच आकडा मागितला जातो. चेकची रक्कम वेगळी, स्पष्ट मागावी. पत्ता बरोबर असावा. पोस्टाची पावती जपावी. योग्य पत्त्यावरची नोटीस मुद्दाम नाकारली, तरी ती पोचली असे कोर्ट साधारणपणे धरते.

नोटिशीने काय होत नाही? ती कोर्टाचा हुकूम नव्हे. तिच्या जोरावर कोणाला पैसे भरायला, वकिलाच्या ऑफिसात यायला किंवा सही करायला भाग पाडता येत नाही. जप्ती नाही, अटकही नाही. उत्तर न देणे गुन्हा नाही. मात्र बचावाचा मुद्दा तेव्हाच लेखी मांडलेला असला, तर पुढे तो अधिक विश्वासार्ह ठरतो.