दाबून धरायचं की एकदाच दाबायचं?

गेमच्या कंट्रोल्समध्ये शिरलं की क्राउच, स्प्रिंट आणि एम या तीन कृतींपुढे एक छोटासा पर्याय दिसतो: होल्ड की टॉगल. होल्ड दारावरच्या बेलसारखं असतं. बोट बटणावर आहे तोवर पात्र वाकलेलं राहतं, बोट उचललं की उभं. टॉगल ट्यूबलाइटच्या बटणासारखं असतं. एकदा दाबलं की वाकलं, पुन्हा दाबलं की उठलं. इतकी साधी गोष्ट, पण तिच्याभोवती ऐकीव समजुती फार. चांगले खेळणारेही वर्षानुवर्षं चुकीच्या सेटिंगवर खेळतात आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला देतात.

गैरसमज: होल्ड वेगवान, टॉगलला उशीर लागतो

वाकण्याची सुरुवात दोन्हींत एकाच क्षणी होते, बटण खाली जातं त्या क्षणी. वाकायला किंवा बंदूक डोळ्याशी आणायला लागणारा वेळ गेमने ठरवलेला असतो आणि तो दोन्हींत सारखाच असतो.

फरक नेमका कुठे पडतो हे 'हाफ-लाइफ २'सारख्या जुन्या गेमच्या कन्सोलमध्ये उघडं दिसतं. तिथे प्रत्येक होल्ड कृतीची दोन टोकं असतात. बटण दाबल्यावर `+duck` चालतं आणि सोडल्यावर `-duck`. टॉगल हवं असेल तर ते आपल्याला असं रचावं लागतं:

```
alias vaka "+duck; alias badal utha"
alias utha "-duck; alias badal vaka"
alias badal vaka
bind "c" "badal"
```

`vaka`, `utha` आणि `badal` ही नावं मी दिलेली आहेत, तुम्ही कुठलीही देऊ शकता. महत्त्वाचं आहे ते `badal` या नावाचं काम. 'आता वाकायचंय की उठायचंय' एवढी एक गोष्ट ते लक्षात ठेवतं. होल्डमध्ये ही आठवण ठेवावीच लागत नाही, कारण बोट खाली आहे की वर हेच तिचं उत्तर असतं. टॉगलमध्ये एक आठवण गेमकडे असते आणि एक तुमच्या डोक्यात, आणि या दोन्ही जुळलेल्या असाव्या लागतात.

त्या जुळत नाहीत तेव्हा घात होतो. तुम्ही वाकलात, मध्येच उडी मारली किंवा शिडी चढलात, आणि गेमने आपणहून तुम्हाला उभं केलं. तुमच्या मनात मात्र तुम्ही अजून वाकलेलेच आहात. उठण्यासाठी बटण दाबता आणि पात्र खाली बसतं. मग घाईने पुन्हा दाबता. लोक ज्याला 'टॉगलचा लॅग' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच दुसरा, वाया गेलेला दाब असतो. ओळखायची खूण सोपी आहे. ऐन धुमश्चक्रीत तुमचं बोट क्राउचवर सलग दोनदा पडत असेल, तर आठवणींची फारकत झाली आहे असं समजावं.

गैरसमज: तिन्ही कृतींना एकच पद्धत ठेवावी, म्हणजे सवय लागते

हा सगळ्यांत नुकसान करणारा समज, म्हणून इथे थोडं थांबतो. प्रत्येक कृतीला दोन प्रश्न विचारावेत. या अवस्थेत मी सलग किती वेळ राहतो? आणि त्यातून बाहेर पडायची किती घाई असते? थोडा वेळ आणि घाईची सुटका असेल तर होल्ड. बराच वेळ आणि सावकाश सुटका असेल तर टॉगल. तिन्ही कृतींची उत्तरं एकसारखी येत नाहीत.

एम घ्या. समोरासमोरच्या गोळीबारात नेम क्षण-दोन क्षणांचा असतो आणि तो लगेच सोडून पळायचं असतं. शिवाय माउसच्या उजव्या बटणावरच्या बोटाला त्या वेळी दुसरं काम नसतं. इथे होल्डच बरं. पण छतावर बसून मिनिटभर स्कोपमधून रस्ता न्याहाळायची तुमची पद्धत असेल, तर दाबून धरलेलं बोट ताठरतं आणि त्याच हाताचा नेम हलतो. अशा खेळाला टॉगल योग्य.

स्प्रिंटची गोष्ट वेगळी. बहुतेक शूटर गेममध्ये तुम्ही थांबलात, गोळी झाडली किंवा नेम धरला की धावणं आपोआप मोडतं. म्हणजे बाहेर पडायचं काम गेमच करतो आणि आठवण चुकण्याची भीती जवळपास उरत नाही. म्हणून तिथे टॉगल किंवा आपोआप धावण्याचा पर्याय निर्धास्तपणे घ्यावा. हे दोन्ही एक नव्हेत, हेही लक्षात असू द्या. टॉगलला निदान एक दाब लागतो, आपोआप धावण्याला तोही लागत नाही. पण मग दबक्या पावलांनी जायचं असेल तर ते मुद्दाम करावं लागतं.

क्राउच या दोन्हींच्या मधे पडतं, कारण ती खरं म्हणजे दोन कामं आहेत. एक, गोळी चुकवायला पटकन खाली-वर होणं. दोन, भिंतीआड दबा धरून बसणं. 'एपेक्स लेजेंड्स'च्या कीबोर्ड सेटिंगमध्ये यासाठी दोन स्वतंत्र ओळी आहेत, `Crouch (Hold)` आणि `Crouch (Toggle)`, आणि दोन्हींना वेगवेगळी बटणं देता येतात. डावं कंट्रोल होल्डला आणि C टॉगलला ठेवलं की करंगळी झटपट वाकण्याचं काम करते, तर दबा धरताना C एकदा दाबून हात मोकळा राहतो. यातलं एकच ठेवलं पाहिजे असं मानून दुसरी ओळ रिकामी करणारे खूप भेटतात. त्यांनी ती पुन्हा भरावी.

टॉगलचा हिशेब: माइनक्राफ्ट

'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीत दोन्ही बाजू आकड्यांत दिसतात. `Options` मधून `Controls` मध्ये जा. तिथे `Sneak: Hold` आणि `Sprint: Hold` अशी दोन बटणं असतील. क्लिक केलं की `Toggle` होतं. हेच `options.txt` फाइलमध्ये `toggleCrouch` आणि `toggleSprint` या नावांनी लिहिलेलं असतं.

आता समजा, लाव्हाच्या समुद्रावर 100 ठोकळ्यांचा पूल बांधायचा आहे. वाकून चाललं तर पात्र कडेवरून पडत नाही, म्हणून सगळा पूल वाकूनच बांधतात. वाकून चालण्याचा वेग सेकंदाला साधारण 1.3 ठोकळे. म्हणजे कुठेही न थांबता गेलात तरी सव्वा मिनिटाहून जास्त वेळ, आणि तेवढा सगळा वेळ करंगळी शिफ्टवर दाबलेली. होल्डमध्ये ती एकदा सैल पडली की पात्र उठतं आणि पुढच्या पावलाला खाली जातं. इथे टॉगल निःसंशय सुरक्षित. अट एकच: पूल सुरू करण्याआधी F5 दाबून पात्र बाहेरून बघा आणि ते खरंच वाकलेलं आहे याची खात्री करा.

त्याच गेममध्ये स्प्रिंटचं टॉगल मात्र भूक खातं. टॉगल चालू राहिलं की पुढे जायचं बटण दाबताच पात्र धावू लागतं, घरातल्या घरातसुद्धा. दर 40 ठोकळे धावण्यामागे अन्नाचा एक गुण जातो. आधी न दिसणारा साठा संपतो आणि मग पट्टीतला अर्धा तुकडा. साधं चालणं यात काहीच घेत नाही. पट्टी तीन तुकड्यांवर आली की धावणंच बंद होतं. मग खेळाडूला वाटतं बटण बिघडलं. बटण ठीक असतं, पोट रिकामं असतं. प्रवासात टॉगल आणि गावात शेती करताना होल्ड, असं बदलत राहणं हाच इथला शहाणपणा.

गैरसमज: टॉगल नवशिक्यांसाठी असतं

करंगळी हे हातातलं कमजोर बोट, आणि शिफ्ट-कंट्रोल नेमके तिच्याच वाट्याला येतात. दाबून धरणं म्हणजे स्नायू न हलता ताणलेला ठेवणं. त्याने थकवा हालचालीपेक्षा लवकर येतो. खेळून उठल्यावर तळहाताची बाहेरची कड दुखत असेल किंवा करंगळी वळताना अवघडत असेल, तर सरावाने ते जाईल अशी वाट बघू नका. सर्वांत जास्त वेळ धरून ठेवावी लागणारी कृती आधी टॉगलवर न्या. ज्यांच्या हातात जोर कमी आहे किंवा ज्यांचे सांधे दुखतात, त्यांच्यासाठी तर खेळता येणं आणि न येणं यातला फरक एवढाच असतो. 2020 साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'मध्ये नेम धरणं आणि धावणं यांसाठी होल्ड-टॉगल वेगवेगळं निवडता येतं, आणि ते तिथे सुलभतेच्या सोयींमध्ये मुद्दाम दिलेलं आहे. यात कमीपणाचं काहीही नाही.

गैरसमज: कंट्रोल्समध्ये दिसलं नाही म्हणजे गेममध्ये नाहीच

`Accessibility` आणि `Gameplay` हे दोन विभाग आधी बघा. काही गेममध्ये वेगळा पर्याय नसतो, एपेक्ससारख्या बटणांच्या यादीतच दोन ओळी असतात. कंट्रोलरवर खेळत असाल आणि गेममध्ये काहीच नसेल, तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये कुठल्याही बटणाला टॉगल करता येतं. तिथे एक धोका आहे. ते टॉगल स्टीमचं असल्यामुळे गेमने पात्राला उभं केलं तरी स्टीमला ते कळत नाही, आणि वर सांगितलेली फारकत जास्त वेळा होते.

आपल्याकडे बहुतेक मुलं हे सगळं फोनवर, बीजीएमआयमध्ये खेळतात. तिथे स्कोपसाठी टॅप आणि होल्ड यांच्या जोडीला मिश्र पद्धतही मिळते. झटकन टॅप केलं तर स्कोप उघडाच राहतो आणि दाबून धरलं तर बोट उचलताच मिटतो. फोनवर नुसतं होल्ड घेतलं की स्कोपच्या बटणावरचं बोट तिथेच अडकतं, म्हणून तीन-चार बोटांनी न खेळणाऱ्यांना टॅप किंवा मिश्र पद्धत सोयीची पडते.

बदल करताना एका वेळी एकच कृती बदला आणि सरावाच्या मैदानात जा. वाका, उडी मारा, धावा, शिडी चढा, आणि प्रत्येकानंतर पात्र वाकलेलं आहे की उभं ते बघा. कोणती कृती टॉगल मोडते आणि कोणती मोडत नाही हे प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं, आणि ही चार-पाच मिनिटांची पाहणी केली की डोक्यातली आठवण गेमच्या आठवणीशी जुळू लागते. क्राउच शिफ्टवर असेल आणि ते भराभर दाबायची सवय असेल, तर विंडोजचं स्टिकी कीजही आधीच बंद करा. शिफ्ट सलग पाच वेळा दाबलं की त्याची खिडकी खेळाच्या मधेच उघडते. विंडोजच्या `Settings` मध्ये `Accessibility`, मग `Keyboard`, आणि तिथे `Sticky keys` चा शॉर्टकट बंद.