पत्राला खरंच अठरा दिवस लागले का? जुन्या रशियन पाकिटाचं वाचन

तिकिटं जमवणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी मला एका पाकिटाचा फोटो पाठवला. वहीत त्यांनी नोंद केली होती: ‘कमापा, २ ऑक्टोबर १९०३. लाइपझिगला पोचलं २० ऑक्टोबरला. प्रवास १८ दिवस.’ त्यांना एवढंच हवं होतं, की हे कमापा नकाशावर कुठे सापडेल?

सापडणार नाही, कारण शिक्का रशियन लिपीतला आहे. तिच्यातली काही अक्षरं हुबेहूब इंग्रजीसारखी दिसतात, पण उच्चार वेगळे. ‘सी’सारखं दिसतं तो ‘स’, ‘पी’सारखं दिसतं तो ‘र’. तसं वाचलं की कमापाचं होतं समारा, म्हणजे व्होल्गाकाठचं शहर.

आता तिकीट. त्यावर देशाचं नाव नाही, फक्त दोन डोक्यांचा गरुड आहे. ‘पोच्तोवाया मार्का’ म्हणजे टपाल तिकीट आणि ‘देस्यात कोप.’ म्हणजे दहा कोपेक. त्या काळी रशियात देशांतर्गत साध्या पत्राला सात कोपेक लागायचे आणि परदेशी पत्राला दहा. म्हणजे जर्मनीला जाणाऱ्या पत्राशी तिकीट जुळतं. गरुडाखालच्या शिंगांवर विजेचे बाण आहेत. ते १८८९ पासून आले, म्हणून तिकीट त्याआधीचं नाही. पण तिकीट इतकंच सांगतं: ‘याच्या आधी नाही’. नेमकी तारीख शिक्क्यातच शोधायची.

आणि खरी गंमत तिथेच आहे. रशियात तेव्हा जुलियन कालगणना चालायची आणि जर्मनीत ग्रेगोरियन. १९०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत एकोणिसाव्या शतकात दोन्हींत १२ दिवसांचं अंतर होतं, त्यानंतर १३ झालं. म्हणून समाराचा २ ऑक्टोबर म्हणजे लाइपझिगचा १५ ऑक्टोबर. पत्र १५ ला निघालं, २० ला पोचलं. प्रवास पाच दिवसांचा, अठरा नव्हे! काकांनी दोन वेगळ्या कालगणनांतल्या तारखांची थेट वजाबाकी केली होती.

हे १३ दिवस डोळे झाकून सगळीकडे मिळवू नका. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस १४ फेब्रुवारी धरला गेला, त्यामुळे पुढच्या शिक्क्यांना काहीच मिळवायचं नाही. आणि गावाच्या जागी ‘पोच्त. वागोन’ आणि आकडा दिसला, तर तो रेल्वेच्या टपाल डब्याचा शिक्का. तिथे मार्ग कळतो, पत्र कुठल्या गावात लिहिलं ते नाही.

काकांच्या वहीत आता अशी नोंद आहे: ‘समारा, शिक्क्यावर २ ऑक्टोबर १९०३ (जुलियन), म्हणजे १५ ऑक्टोबर.’ तुमच्या डेटातही असंच करा: जे दिसलं ते एका रकान्यात, तुम्ही बदललेलं दुसऱ्यात. चूक निघालीच, तर मूळ वाचन शाबूत राहतं.