विश्लेषण : ऐतिहासिक हिंदी चित्रपटातली पात्रे नेमकी कोणती भाषा बोलतात?

चित्रपट जुन्या काळातला असला की संवादांवरून वाद ठरलेला. कुणाला त्यात उर्दू जास्त वाटते, कुणाला हिंदी फार शुद्ध. संवादलेखकाच्या टेबलावर मात्र प्रश्न वेगळाच असतो : त्या काळी, त्या घरात, हे माणूस हा शब्द सहज बोलले असते का?

मग शब्द संस्कृतमधला की फारसीतला, हे पाहायचे नाही?

फार नाही. आपल्याच भाषेतले उदाहरण घ्या. मराठीत ‘फक्त’ हा शब्द भाजीवालाही वापरतो. तो मूळचा अरबी. हिंदुस्थानीत मात्र ‘फ़क़त’ म्हटले की शायरीचा वास येतो. रोजच्या बोलण्यात तिथे ‘सिर्फ़’ चालतो, आणि तोही अरबीच. म्हणजे मूळ एक असूनही एक शब्द बैठकीतला, दुसरा बाजारातला. शब्दकोशात व्युत्पत्ती सापडते, हा फरक सापडेलच असे नाही.

एखादा प्रसंग लिहून पाहिला तर?

समजा, १९३० च्या दशकातले लखनऊ. कर्जात बुडालेले एक कायस्थ वकील मुलाला वाडा विकावा लागणार असे सांगत आहेत. पहिला मसुदा असा येतो : ‘पुत्र, इस भवन का विक्रय करने के अतिरिक्त कोई विकल्प नहीं।’ हा पौराणिक मालिकेतला बाप झाला. दिग्दर्शक म्हणतो, काळ दिसू द्या. मग दुसरा मसुदा : ‘फ़र्ज़ंद, इस दौलतख़ाने को फ़रोख़्त करने के सिवा कोई चारा-ए-कार नहीं।’ हा दिसायला भारदस्त, पण जास्त चुकीचा. ‘दौलतख़ाना’ म्हणायचे ते समोरच्याच्या घराला. स्वतःचे घर अदबीने ‘ग़रीबख़ाना’. जड शब्द हौसेने पेरले की अशा चुका होतात, आणि जाणकार प्रेक्षक तिथेच हसतो.

टिकणारा मसुदा साधा असतो : ‘बेटा, हवेली बेचनी पड़ेगी। और कोई चारा नहीं।’ यात ‘बेटा’ आणि ‘बेचना’ देशी, ‘हवेली’ अरबीतून आलेला, ‘चारा’ फारसी. हे प्रमाण कुणी मोजून ठेवलेले नाही.

हिंदू पात्राच्या तोंडी उर्दू शब्द कसे?

सर्वाधिक घोळ इथे होतो. १८३७ मध्ये कंपनी सरकारने कचेऱ्यांतून फारसी काढण्याचा कायदा केला आणि उत्तरेत बऱ्याच ठिकाणी तिची जागा उर्दूने घेतली. आजच्या उत्तर प्रदेशातल्या कचेऱ्यांत नागरी लिपीला मुभा मिळाली ती १९०० मध्ये. कायस्थांचा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा पेशाच लेखणीचा. तेव्हा आपल्या वकिलांच्या कचेरीत संवाद असाच हवा : ‘बैनामा तैयार है, आप दस्तख़त कर दीजिए, गवाह बाहर बैठे हैं।’ बैनामा म्हणजे आपले खरेदीखत. तिथे ‘हस्ताक्षर’ आणि ‘साक्षी’ आले की काळ मोडतो.

त्याच वकिलांची पत्नी मात्र कचेरीत गेलेली नाही. तिचे वाक्य : ‘हवेली बिक गई तो तुलसी का चौरा कहाँ ले जाऊँगी?’ धर्म एकच, घर एकच, तरी शब्दांचा साठा वेगळा. पात्राचा धर्म पाहून शब्द वाटणारा लेखक हा फरक गमावतो.

पण ‘जोधा अकबर’मध्ये तर तसेच वाटले आहेत ना?

हो. २००८ च्या त्या चित्रपटात के. पी. सक्सेना यांच्या संवादांत अकबर उर्दूकडे झुकतो आणि जोधा संस्कृतप्रचुर हिंदीकडे. पण मुघल दरबाराची राजभाषा फारसी होती, त्यामुळे तिथे ‘अस्सल’ भाषा कुठलीच शक्य नाही. दोन संस्कृती कानाला वेगळ्या कळाव्यात, यासाठीचा तो संकेत आहे आणि दरबारी कथेत तो चालतो. १९३० च्या लखनऊतली माणसे मात्र खरोखरच हिंदुस्थानी बोलत, म्हणून तिथे हा संकेत खोटा पडतो.

संवाद बिघडल्याचे कळते कसे?

नामांपेक्षा जोडशब्द आधी तपासावेत. ‘किंतु’, ‘अतः’, ‘के कारण’ यांच्या जागी ‘मगर’, ‘तो’, ‘की वजह से’ ठेवले की निम्मे वाक्य आपोआप बोलके होते. दुसरी कसोटी वाचनाची. नट एखाद्या शब्दापाशी थबकला किंवा त्यावर उगाच जोर देऊ लागला, तर तो शब्द पात्राचा नाही, लेखकाचा आहे. अवघड शब्द ठेवायचाच असेल तर वाक्यात तो एकटा असावा आणि प्रसंगातून उलगडावा. चित्रपटगृहात पान मागे उलटता येत नाही.

उरतो उच्चार. ‘मुझे ज़लील मत कीजिए’ म्हणजे माझा अपमान करू नका. नुक्ता गळाला की उरतो ‘जलील’, म्हणजे थोर. मराठी लिपीत जहाजातला ‘ज’ आणि जागेतला ‘ज’ सारखाच लिहितात, त्यामुळे नुक्त्याविना टंकलेली संहिता आपल्या डोळ्यांना खटकत नाही. म्हणून नटाच्या हाती जाणाऱ्या प्रतीत नुक्ते हवेतच.