बिलाच्या तळाची ओळ

कराडमधल्या एका रंगाच्या दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितो. पुण्याहून माल उतरला की दुकानाचे शेठ बिल हातात घेऊन डबे मोजतात, दर ताडून पाहतात, एकूण रकमेवर बोट ठेवतात आणि बिल तारेला ओवून टाकतात. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, ती कधी कुणी वाचत नाही. एकदा मी ती वाचून दाखवली. "सीडी २% १० दिवसांत, अन्यथा ३० दिवस." शेठ हसले. "दोनच टक्के ना! तेवढ्यासाठी वीस दिवस आधी कोण पैसे देतं?"

प्रश्न चांगला होता, कारण उत्तराचा निम्मा भाग त्यातच होता. वीस दिवस.

सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट, शाळेच्या पुस्तपालनातली रोख सूट. कंपन्यांच्या इंग्रजी बिलांवर हीच अट "२/१०, नेट ३०" अशी आखडून छापतात. तिरप्या रेघेच्या अलीकडे टक्के, पलीकडे दिवस, आणि 'नेट'नंतर शेवटची मुदत. म्हणजे दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के कापून द्या, नाहीतर तिसाव्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम द्या. बिलाच्या वरच्या भागात दरातून आधीच वजा झालेली सूट असते, ती वेगळी. तिला व्यापारी सूट म्हणतात. माल घेतला म्हणजे ती मिळालीच, पैसे कधी देता याच्याशी तिचा संबंध नाही. तळाची सूट मात्र कमवावी लागते.

जुन्या मराठी पेढ्यांवर तिला कटमिती म्हणत. मुदतीआधी पैसे आले की राहिलेल्या दिवसांचं व्याज कापून द्यायचं, ती कटमिती. हा शब्द मागे पडला याचं मला वाईट वाटतं, कारण 'डिस्काउंट' म्हटलं की सेल आठवतो आणि 'कटमिती' म्हटलं की दिवस मोजावेसे वाटतात.

आता शेठजींचं ते बिल घेऊ. रंगाची किंमत १,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,००० रुपये. बिलाची तारीख ४ जून. बिलाचा दिवस धरायचा नाही, म्हणून दहावा दिवस १४ जून आणि तिसावा दिवस ४ जुलै. सीडी करपूर्व किमतीवर मिळते असं पुरवठादारानं सांगितलं होतं. म्हणजे सूट २,००० रुपये. १४ जूनला १,१६,००० रुपये दिले तर विषय संपला. ४ जुलैला दिले तर १,१८,०००.

पहिले दहा दिवस दोन्ही वाटांना फुकटचे आहेत, म्हणून ते हिशेबात येतच नाहीत. उरलेल्या वीस दिवसांत शेठजींनी केलं काय? पुरवठादाराचे १,१६,००० रुपये वीस दिवस वापरले आणि त्याबद्दल २,००० रुपये मोजले. हे सरळसरळ कर्ज आहे, फक्त त्याला कर्ज म्हणत नाहीत. त्याचा दर काढायला तीन पायऱ्या लागतात. २,००० भागिले १,१६,००० केले की वीस दिवसांचा दर येतो १.७२ टक्के. वर्षात असे वीस-वीस दिवसांचे तुकडे ३६५ भागिले २०, म्हणजे सव्वाअठरा. दोन्हींचा गुणाकार साधारण साडेएकतीस टक्के. "दोनच टक्के"चं हे वार्षिक रूप.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकात याच अटीचं उत्तर ३७.२ टक्के दिलेलं असतं. तिथे कर नसतो, म्हणून ९८ रुपयांवर २ रुपये असं गणित होतं. आपल्याकडे कराची रक्कमही त्याच बिलात भरावी लागते आणि सूट तिच्यावर मिळाली नाही, म्हणून दर थोडा उतरतो. पण साडेएकतीस टक्क्यांनी पैसे कोण वापरतं?

शेठजींची बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा आहे, दर ११ टक्के. गल्ल्यात पैसे नसतील तर १४ जूनला तिथून १,१६,००० उचलायचे. वीस दिवसांचं व्याज ७०० रुपयांच्या आसपास. सातशे देऊन दोन हजार वाचले, तेराशे हातात राहिले. शेठजींनी हा आकडा ऐकला आणि मग महिन्याला अशी किती बिलं येतात ते तारेवर मोजायला लागले.

याची दुसरी बाजूही त्याच दिवशी निघाली. कॅश क्रेडिट पूर्ण वापरलेलं असेल आणि बाजारातून महिन्याला तीन टक्क्यांनी पैसे आणायचे असतील तर वीस दिवसांचे २,३२० रुपये होतात. तिथे सूट सोडलेली बरी. शिवाय असे उसने देणारे बहुधा पूर्ण महिन्याचंच व्याज धरतात, तेव्हा तोटा आणखी वाढतो.

टक्क्याचा आकडा पाहून मोहात पडण्याचं एक उदाहरण सांगतो. इथे कर बाजूला ठेवू. एक पुरवठादार म्हणतो, सात दिवसांत १ टक्का, नाहीतर पंधरा दिवस. दुसरा म्हणतो, पंधरा दिवसांत ३ टक्के, नाहीतर नव्वद दिवस. कुणाचं बिल आधी फेडावं? सगळे तीन टक्क्यांकडे धावतात. पहिल्याकडे आठ दिवस थांबण्याचा १ टक्का जातो, वार्षिक ४६ टक्के. दुसऱ्याकडे पंचाहत्तर दिवस थांबण्याचे ३ टक्के जातात, वार्षिक जेमतेम १५. पैसे एकालाच देण्याइतके असतील तर एक टक्केवाल्याला आधी द्यावेत. टक्के किती हा अर्धाच प्रश्न, किती दिवसांसाठी हा उरलेला अर्धा.

याच न्यायानं शेठजींच्या हसण्यातही थोडं तथ्य होतं. बिलावर तीस दिवस लिहिले असले तरी त्यांचा पुरवठादार साठाव्या दिवशीही कुरकुर न करता पैसे घेत असे. मग तेच २,००० रुपये पन्नास दिवसांसाठी मोजले जातात आणि दर साडेबारा टक्क्यांवर येतो, म्हणजे बँकेच्या जवळपास. छापील अट आणि बाजारातली खरी रीत वेगळी असेल तर हिशेब रीतीचा करावा. मात्र त्याच बिलावर "मुदतीनंतर १८% व्याज" अशी ओळ असेल आणि पुरवठादार ते खरोखर लावत असेल, तर ही ढील धरून चालता येत नाही.

प्रत्यक्षात भांडण होतं ते वेगळ्याच जागी. पहिलं, दहा दिवस कुठून? बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेपासून. माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात तीन दिवस पडून राहिला तर ते तीन दिवस दुकानदाराचे गेले. दूरून माल मागवणाऱ्यानं माल पोचल्यापासून दिवस धरावेत, असं ऑर्डर देतानाच लिहून घ्यावं. नंतर सांगून कुणी ऐकत नाही. दुसरं, पैसे दिले कधी म्हणायचं? चेक हातात दिल्याचा दिवस की वटल्याचा? पुरवठादार वटल्याचा धरतो. १४ तारीख रविवारी आली तर चेक उपयोगाचा नाही, पण एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, तेव्हा आपलं बिल एनईएफटीनंच जाणार. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी देण्यात काही फायदा नाही. दहाव्या दिवसापर्यंत पैसे आपल्याकडे राहू द्यावेत, फक्त बँकेच्या गोंधळासाठी एक दिवस हाताशी ठेवावा.

तिसऱ्या जागी मी स्वतः फसलो आहे. एका पुरवठादाराला मुदतीत पूर्ण रक्कम पाठवली, सूट कापून. महिन्यानं खातेउतारा आला तर सूट नाकारलेली. त्यांनी आमचे पैसे एका जुन्या थकीत बिलात वळते केले होते, त्यामुळे नवं बिल मुदतीत फिटलंच नव्हतं. मी तणतणलो, पण चूक माझी होती. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ५९ ते ६१ याच प्रसंगासाठी आहेत. पैसे देणाऱ्यानं कोणत्या देण्यापोटी देतोय हे सांगितलं आणि घेणाऱ्यानं ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात धरावे लागतात. सांगितलं नाही तर घेणारा त्याला हवं तिथे धरू शकतो. मी बिल क्रमांक कळवला नव्हता. तेव्हापासून एनईएफटीच्या शेऱ्यात बिल क्रमांक जातो आणि "सीडी वजा करून" एवढ्या शब्दांचा मेसेजही.

राहिला जीएसटी. रोख सूट मिळेल की नाही हे बिल करताना ठरलेलं नसतं, म्हणून कर पूर्ण एक लाखावरच लागतो. पुढे पुरवठादार क्रेडिट नोट देतो, ती दोन प्रकारची असू शकते. करासहित असेल तर सूट २,००० अधिक ३६० अशी २,३६० दिसते आणि दुकानदार खूश होतो. पण ते ३६० रुपये त्यानं आधी इनपुट क्रेडिट म्हणून घेतलेले असतात, ते परत करावे लागतात. कराला हात न लावणारी नोट असेल तर २,००० मिळतात आणि इनपुट क्रेडिट जसंच्या तसं राहतं. दोन्हीकडे खरी बचत २,००० रुपयेच.

सूट १,१८,००० वर धरली आणि नोटेत कर दाखवला नाही, तर मात्र बचत खरोखर २,३६० होते. म्हणून "सीडी कशावर?" हा प्रश्न ऑर्डर देतानाच विचारायचा असतो. शेठजींनी आपल्या पुरवठादाराला तो फोनवर विचारला. पलीकडून उत्तर आलं, "एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच विचारताय." आता बिल तारेला ओवण्याआधी शेठ कोपऱ्यात लाल पेनानं दोन तारखा लिहितात. परवाच्या बिलावर दुसरी तारीख लिहून नंतर खोडलेली दिसली.