शेठ, बदली माणूस देतो

किराणा दुकानातल्या कामगाराने बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर रजा मागितली, की मालकाला पहिली चिंता दुकानात उभं कोण राहणार याची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, पण दोन-तीन कामगारांच्या दुकानाला ती तरतूद लागू होत नाही. म्हणून अर्जच नेमका हवा.

समजा, लग्न १७ तारखेला आहे. अर्जात असं लिहावं: ‘शेठ, महिन्याच्या याद्या १० पर्यंत उरकतील. १३ ते १९ रजा द्यावी. बदली म्हणून माझा चुलतभाऊ येईल; दिवाळीत त्याने किराणा दुकानात काम केलंय. ११ आणि १२ ला तो माझ्यासोबत उभा राहील. त्याचा रोज माझ्या पगारातून द्यावा. उधारीची वही मात्र आपल्याकडेच ठेवावी.’

शेवटचं वाक्य फार मोलाचं. नवख्याला गिऱ्हाइकं ओळखू येत नाहीत आणि उधारी भलत्याच्याच नावावर चढते.