चेंडूला नेमकं कुठे मारायचं?

‘फिफा २३’मध्ये फ्री किकची पद्धत बदलली. डाव्या स्टिकने दिशा धरायची आणि उजव्या स्टिकने बूट चेंडूला कुठे लागणार ते ठरवायचं. उजव्या पायाच्या खेळाडूने चेंडूच्या उजव्या बाजूला मारलं, की फिरकी मिळून चेंडू हवेत डावीकडे वळतो. गोल डाव्या कोपऱ्यात हवा असेल, तर नेम त्या खांबाच्या उजवीकडे, भिंतीच्या वरून धरा. उरलेलं वळण फिरकी देते. नेम थेट खांबावर धरला, तर चेंडू बाहेर जातो. खालच्या बाजूला मारल्यास तो उंच उठतो. भिंतीवरूनही आणि गोलवरूनही गेला, तर जोर जास्त झाला असं समजा.

कॉर्नर त्यामानाने सोपा: चेंडूची वाट दाखवणारी रेषा आधीच दिसते.

पेनल्टीत मात्र खरी परीक्षा वेळेची. चेंडूभोवतीचं कडं लहानमोठं होत राहतं. ते सर्वात लहान असताना शूटचं बटण दाबायचं, जोरासाठी किंचित दाबून ठेवायचं. दडपण वाढलं की कडं अधिक अस्वस्थ होतं. गोलरक्षकाकडे बघत बसाल, तर तो क्षण हमखास हुकतो.