पश्चिमेची खिडकी आणि पावसाची झड

मुंबईत किंवा कोकणात नव्या खिडक्या करायच्या ठरल्या की चर्चा लगेच ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी आणि सागवान यांवर येते. माझ्या मते त्याआधी खिडकी सरकती हवी की झडपांची, हे ठरवावं. ताशी ४५ किलोमीटरचा वारा पाण्याला साधारण १ सेंटिमीटर वर चढवतो आणि वेग दुप्पट झाला की ४ सेंटिमीटर. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकची आतली कड याहून ठेंगणी असेल, किंवा पाणी बाहेर सोडणारी भोकं कचऱ्याने बुजली असतील, तर झडीचं पाणी खोलीत येणारच. शिवाय सरकत्या झडपेला बहुधा केसाळ पट्टी असते, ती पाणी पुरतं अडवत नाही. बाहेर उघडणारी झडप मात्र चारही बाजूंनी रबरी गास्केटवर दाबून बसते. पश्चिमेला मी तीच निवडेन. फक्त ग्रिल आड येणार नाही, हे आधी पाहावं.

समजा, खिडकी ५ बाय ४ फुटांची आहे. यूपीव्हीसीचे कोपरे वितळवून जोडलेले असल्याने तिथून गळत नाही आणि खाऱ्या हवेने ते गंजत नाही. पण तापमान ३० अंशांनी वाढलं, तर ५ फुटांची पट्टी ३ मिलिमीटरहून जास्त वाढते; ॲल्युमिनियमची जेमतेम १. म्हणून भिंत आणि चौकटीत दोन्ही बाजूंना सुमारे ५ मिलिमीटर फट ठेवून आत फोम आणि बाहेरून न्यूट्रल सिलिकॉन भरावं लागतं. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सिमेंटला नीट चिकटत नाही. गवंड्याने फट सिमेंटने गच्च भरली, तर चौकट वाकते आणि कडी लागेनाशी होते. चौकटीच्या पोकळीत गॅल्वनाइज्ड पोलादी पट्टी आहे ना, हे कापलेल्या तुकड्यात पाहून घ्यावं.

ॲल्युमिनियम सडपातळ आणि ताठ असतं, म्हणून मोठ्या खिडकीला तेच बरं. दुरुस्तीही गल्लीतला फॅब्रिकेटर करतो. मात्र कोपऱ्यांचे सांधे सिलिकॉनने बंद हवेत आणि समुद्राजवळ चांगलं पावडर कोटिंग हवं. सागवान पावसात फुगतं, झडप अडते आणि दर काही वर्षांनी तेल किंवा रंग मागते. खोल पडवीखाली ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, उघड्या पश्चिम भिंतीवर मी ते लावणार नाही.

दुहेरी काचेचा खर्च एसी रोज चालत असेल तरच वसूल होतो. मावळतीचं तिरकं ऊन छज्ज्याखालून आत शिरतं. त्याला ऊन परतवणारा लेप असलेली काच किंवा बाहेरचा पडदा लागतो. रस्त्याच्या आवाजासाठी लॅमिनेटेड काच घ्यावी.

सहसा साधी सरकती ॲल्युमिनियमची खिडकी सर्वांत स्वस्त, यूपीव्हीसीची झडप त्याहून महाग आणि सागवान सर्वांत महाग पडतं. चौरस फुटाच्या दरात काचेची जाडी, बिजागऱ्या, जाळी आणि सिलिकॉन धरलंय का, हे लेखी घ्यावं. शेवटचा हप्ता देण्याआधी झडपेत कागद अडकवून ओढावा. सहज निसटला तर गास्केट दाबत नाही. मग बाहेरून नळीने आधी खालच्या सांध्यावर आणि नंतर वर वर पाणी मारावं, म्हणजे गळती नेमकी कुठून होते ते कळतं.